मुद्दाम केलेल्या चुका

एका बटणानं मी एका बाईंचं पुस्तक बिघडवलं, आणि वर स्वतःवर खूश होऊन चहा मागवला. चहा मिळाला नाही, कारण बायको घरात नव्हती. ती घरात नव्हती म्हणूनच ते बटण दाबलं गेलं, असं ती अजूनही मानते. मीही मानतो, फक्त तिच्यासमोर कबूल करत नाही.

माझा धंदा सांगायला जरा अवघडच आहे. लोकांच्या इंग्रजीतल्या चुका काढून मी पोट भरतो. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा फ्लॅट आहे. खाली क्लासेस, वर क्लासेस, मध्ये आम्ही. त्यामुळे क्लासवाल्यांच्या नोट्स, छोट्या प्रकाशकांची गाइडं, कुणाचा प्रबंध, कुणाच्या पोराचा परदेशी जायचा अर्ज, असं काही ना काही तपासायला येत राहतं. बिल्डिंगमधले लोक मला सर म्हणतात. शाळेत मी एकही दिवस शिकवलेलं नाही. शिकवते बायको, गणित. पण तिला बिल्डिंगमध्ये कुणी मॅडम म्हणत नाही, सगळे वहिनी म्हणतात. हा अन्याय ती वेळ बघून बोलून दाखवते.

प्रूफ तपासायची आमच्या घरची एक पद्धत आहे. मूळ हस्तलिखित बायको मोठ्यानं वाचते आणि मी छापील कागदावर नजर ठेवतो. फुलस्टॉप, कॅपिटल हे ती बोलून सांगते. हायफनचं मात्र तसं करता येईना. "फाइव्ह हायफन इयर हायफन ओल्ड चाइल्ड" असं चार वेळा वाचल्यावर ती म्हणाली, "हे मूल आहे की रेल्वेचा डबा?" तेव्हापासून हायफन आला की ती बोटातल्या अंगठीनं टेबलावर टक्‌ करते. फाइव्ह टक्‌ इयर टक्‌ ओल्ड चाइल्ड. सुरुवातीला खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन विचारून गेले, कुणी दार वाजवतंय का म्हणून.

तर त्या बाई. चंदगडकडच्या एका मराठी शाळेत त्या इंग्रजी शिकवतात. पाऊस लागला की त्यांच्या गावाहून एस.टी. येईल की नाही हे एस.टी.लाही माहीत नसतं, असा तो मुलूख. तिथल्या मुलांसाठी त्या वर्षानुवर्षं हातानं लिहिलेले कागद झेरॉक्स करून वाटत आल्या होत्या. त्यांचंच आता चौसष्ट पानांचं सरावपुस्तक होणार होतं. पेठ वडगावात एक शिक्षणसंस्था आहे. आसपासच्या खेड्यांत तिच्या बऱ्याच शाळा आहेत. त्या संस्थेनं बाईंना सांगितलं होतं, छापील पुस्तक घेऊन रविवारी या, आमचे इंग्रजीचे ज्येष्ठ सर बघतील, त्यांना पटलं तर जूनपासून आमच्या आठवीला लावू. आणि ज्येष्ठ सरांनी निरोप धाडला होता की, पुस्तकात एक जरी चूक सापडली तरी मी ते मुलांच्या हातात देणार नाही.

बाईंनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "सर, तुम्ही तपासलंय म्हटल्यावर मी निर्धास्त आहे," त्या म्हणाल्या.

पुस्तकातला सगळ्यांत त्यांचा असा धडा मधल्या फर्म्यात, म्हणजे एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या मधल्या पानांत होता. आपली मुलं हमखास लिहितात, "a five years old child". लिहिणारच. मराठीत आपण 'पाच वर्षांचं मूल' म्हणतो आणि 'मूल पाच वर्षांचं आहे' असंही म्हणतो. दोन्हीकडे वर्षांचं ते वर्षांचंच. इंग्रजीत मात्र ते शब्द नामाच्या आधी येऊन बसले की एकमेकांचा हात धरतात आणि s गळून पडतो: "a five-year-old child". नामाच्या मागं गेले की हात सुटतात आणि s परत येतो: "The child is five years old." बाईंनी मुलांना हे असं समजावलं होतं: लग्नात नवरीच्या पुढं चालणाऱ्या करवल्या हात धरून चालतात, मांडवात गेल्या की जो तो आपापल्या खुर्चीवर. मला हे इतकं आवडलं होतं की मी तेवढाच परिच्छेद बायकोला दोनदा वाचून दाखवला होता.

शुक्रवारी संध्याकाळी धड्याची फाइल शेवटची माझ्याकडे आली. बायको शाळेच्या गॅदरिंगच्या तालमीला गेलेली. टकटक करायला कुणी नाही. मी फाइल उघडली आणि पहिल्याच ओळीत वाचलं, "My neighbour has a five years old child."

ज्या धड्यात हे शिकवायचं, त्याच धड्याच्या पहिल्या ओळीत ही चूक! टाइप करणाऱ्यानं घाण केली, दुसरं काय. एक चूक म्हणजे आणखी असणार. मग माझ्यातला हुशार माणूस जागा झाला. मी कॉम्प्युटरला सांगितलं, या धड्यात जिथं जिथं " years old" असेल तिथं "-year-old" कर. बटण दाबलं. कॉम्प्युटरनं क्षणात सांगितलं, झालं. मी पुढची पानं चाळली, सगळी वाक्यं कशी स्वच्छ दिसली. पानांचे आकडे पाहिले आणि प्रेसला सहीनिशी कळवलं, छापा.

शनिवारी दुपारी प्रेसमधून मधल्या फर्म्याचा ताजा कागद घरी घेऊन आलो. बाई सकाळच्या एस.टी.नं निघून नुकत्याच पोचल्या होत्या. पुस्तकाच्या प्रती संध्याकाळी ताब्यात घ्यायच्या, रात्री आमच्याकडे मुक्काम, सकाळी वडगाव, असा बेत. येताना त्यांनी घरचे काजूगर आणले होते. बायकोनं ते ताटलीत काढले आणि मी त्यातला चौथा उचलेपर्यंत ताटली बाईंकडे सरकवली.

बाईंनी कागद हातात घेतला, वास घेतला, आणि बायकोकडे दिला. "वहिनी, तुमची ती टकटक ऐकायची आहे मला. सर सांगत होते फोनवर."

"मग तुम्ही वाचा, मी वाजवते," बायको म्हणाली. नेहमीच्या उलट झालं. बाई आपली हस्तलिखिताची वही घेऊन वाचायला बसल्या. खरं तर त्यांना ते पाठच होतं. बायको छापील कागद बघत अंगठी टेकवून तयार. मी काजू चघळत मालकासारखा खुर्चीत.

बाई म्हणाल्या, "माय नेबर हॅज अ फाइव्ह इयर्स ओल्ड चाइल्ड."

टक्‌. टक्‌.

बाई थांबल्या. हसून म्हणाल्या, "इथं नाही वहिनी, इथं वाजवायचं नाही."

"का? दोन आहेत की इथं," बायको म्हणाली. "आणि तुम्ही इयर्स म्हणालात. इथं s नाही."

"तिथं असायला पाहिजे. ते चुकीचं वाक्य आहे. मुलाच्या वहीतलं. त्याच्यावरूनच तर धडा सुरू होतो."

बायकोनं कागद टेबलावर ठेवला. बाईंनी हस्तलिखित फिरवून माझ्याकडे केलं. समासात निळ्या शाईत लिहिलेलं होतं: 'चूक मुद्दाम आहे. तशीच ठेवावी.' टाइप करताना समास कोण टाइप करतो? समास फाइलीत आलाच नव्हता. आणि त्या संध्याकाळी मी हस्तलिखित उघडलंच नव्हतं, कारण वाचून दाखवणारी बायको तालमीला गेली होती.

मी हातातला काजू ताटलीत परत ठेवला.

बाईंनी पुढचं पान स्वतःच बघायला घेतलं. त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. 'खालील वाक्ये दुरुस्त करा' असा मराठीत मथळा, आणि त्याखाली एकूणएक वाक्य आधीच दुरुस्त. मुलांना करायला काही ठेवलंच नव्हतं मी. त्याच्या पुढचं पान तर त्याहून वाईट. जिथं s हवा होता, हायफन नको होते, तिथं माझ्या बटणानं लिहिलं होतं, "The child is five-year-old."

म्हणजे चुकीचं होतं ते बरोबर केलं होतं आणि बरोबर होतं ते चुकवलं होतं.

"सर," बाई शांतपणे म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

"कॉम्प्युटरनं," मी म्हणालो.

"तो आपल्या आपण उठून बसला का?" बायको म्हणाली.

"मी केलं," मी म्हणालो.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. कागदाची घडी घालत म्हणाल्या, "उद्या ते सर हाच धडा उघडणार. मीच त्यांना सांगितलंय, हा धडा बघा म्हणून." मग थोड्या वेळानं, "मी नाही जात उद्या. पुढल्या वर्षी बघू." आणि पदरानं चष्मा पुसायला लागल्या.

बायको उठली. पर्स घेतली, अंगठी बोटात घट्ट सरकवली आणि मला म्हणाली, "स्कूटरची किल्ली कुठंय? तुम्ही लॅपटॉप घेऊन स्कूटरनं पुढं व्हा. मॅडम, तुम्ही रिक्षानं या माझ्याबरोबर. वही घ्या ती."

प्रेसवाले भाई माझ्या वयाचे. त्यांच्या घरात आजोबांपासून बाईंडिंग आणि छपाई. मी धापा टाकत आत शिरलो तेव्हा ते मशीनच्या पट्ट्याशी काहीतरी करत होते. माझं तोंड बघून त्यांनी मशीन थांबवलं.

"काय झालं ओ सर? कोण गेलं?"

"मधला फर्मा परत छापायचाय."

भाईंनी हात पुसले. "सही कुणाची हाय त्यावर?"

"माझीच."

"मग असं काय करालाय? कागद सगळा छापून झालाय की." त्यांनी कोपऱ्यातला गठ्ठा दाखवला. एवढ्यात बायको आणि बाई आत आल्या. भाईंनी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा आवाज उतरला. "भाभी, बसा. मॅडम, बसा. कागद काढतो मी, त्याचं काय न्हाय. पण छपाईची प्लेट नवी कराय लागंल, तिचं काय? प्लेटवाला उद्यमनगरात हाय. शनिवारी सातला शटर ओढतो. आणि सात म्हंजे सात, त्याची बायको येती न्यायला. फाइल त्याच्याकडं गेली पायजे त्याच्या आधी. आणि शाई वाळायला टाइम पायजे. ओल्यावर घडी घातली तर एका पानाचं दुसऱ्या पानावर उमटंल."

"त्या आधी देतो," मी म्हणालो.

"दिली तर सकाळी थोड्या प्रती पिन मारून देतो. वडगावला न्यायला तेवढ्या बास. न्हाय दिली तर माझ्याकडं जादू न्हाय."

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी. टाइपवाल्याच्या फाइलीवरच मी ते सेव्ह केलं होतं, दुसरी प्रत नव्हती, आणि उलटं बटण दाबून हे परत येत नव्हतं. सगळीकडचं "-year-old" काढून " years old" केलं असतं, तर जी वाक्यं धड्यात मुळातच बरोबर होती, नियम सांगणारी, हायफनवाली, ती बिघडली असती. कॉम्प्युटरला कुठली चूक मुद्दामची आणि कुठली माझी हे कळत नाही. एकेक ओळ हस्तलिखिताशी लावून बघण्याशिवाय इलाज नव्हता.

भाईंच्या छोट्या ऑफिसात बसलो. बाई वाचणार, बायको टक्‌ करणार, मी फाइलीत दुरुस्त करणार. टेबल सनमायकाचं होतं, आणि पलीकडे भाईंनी दुसऱ्या कामाचं मशीन पुन्हा सुरू केलं होतं. अंगठीचा आवाज ऐकूच येईना. बायकोनं इकडंतिकडं बघितलं, भाईंच्या जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण उचललं आणि पेनानं त्यावर वाजवायला सुरुवात केली. भाई दारातून डोकावले. "भाभी, डबा फुटला तर घरी मी काय सांगू?"

"सांगा, इंग्रजी शिकत होतो," बायको मान वर न करता म्हणाली.

बाई वाचत होत्या. त्यांचा आवाज शाळेतला होता, सपाट आणि स्पष्ट. प्रत्येक वाक्याआधी त्या एक शब्द सांगायच्या: "चूक," म्हणजे तशीच ठेवा. "बरोबर," म्हणजे नीट करा. "चूक. शी इज अ ट्वेल्व्ह इयर्स ओल्ड गर्ल." झाकण गप्प. "बरोबर. शी इज ट्वेल्व्ह इयर्स ओल्ड." झाकण गप्प. "बरोबर. अ ट्वेल्व्ह टण्‌ इयर टण्‌ ओल्ड गर्ल."

आणि माझा हात मात्र सवयीनं पुढं जात होता. "चूक" म्हटलं तरी बोट हायफनच्या बटणावर. वीसपंचवीस वर्षं जे हात चूक दिसली की पुसतात, त्यांना चूक मुद्दाम लिहायला सांगितलं की ते ऐकत नाहीत. एकदा मी दोन रेघा टाकल्याच. झाकण वाजलं नव्हतं. बायकोनं माझ्या मनगटावर पेन ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं. मी रेघा काढल्या. मग पेन उचललं.

एका वाक्यावर आम्ही अडलो. मराठीत दिलं होतं, 'देवळामागं दोनशे वर्षांची झाडं आहेत,' आणि खाली इंग्रजी, मुलांनी दुरुस्त करायला. माझ्या फाइलीत होतं, "two hundred-year-old trees".

"चूक," बाई म्हणाल्या. "टू हंड्रेड इयर्स ओल्ड ट्रीज. एकही रेघ नको."

"हे असंच राहू दे ना," मी म्हणालो. बाहेर अंधारायला लागलं होतं आणि अजून दोन पानं राहिली होती. "चुकीचंच आहे हे. पहिला हायफन नाहीये. मुलं तो टाकतील."

"मुलं अशी चूक करत नाहीत, सर," बाई म्हणाल्या. "ही चूक तुम्ही केलीत. अशी करायला थोडं इंग्रजी यावं लागतं. माझी मुलं रेघच देत नाहीत. त्यांची चूक त्यांना दिसली पाहिजे, तुमची नाही."

बायको माझ्याकडे बघत होती. मी रेघ काढली.

शेवटचं पान झालं तेव्हा भाई दारात फोन कानाला लावून उभे. "आरं थांब की लेका जरा. वहिनीला मी सांगतो. पाच मिनिटं." त्यांनी माझ्याकडे बघून बोटं हलवली, लवकर. मी फाइल पाठवली. ती जाताना पडद्यावर निळी पट्टी सरकत होती. अर्ध्यावर थांबली. बाईंनी वही मिटली आणि दोन्ही हात वहीवर ठेवले. बायकोनं झाकण पालथं धरलं होतं, जणू कुणी तरी त्यातून काहीतरी काढून घेईल. पट्टी हलली. संपली.

पलीकडून फोनवर काहीतरी ऐकून भाई म्हणाले, "आली म्हणतोय."

रात्री आमच्याकडे जेवणं झाली. घाईत भाईंचा डबा बायकोच्याच पिशवीतून घरी आला होता. बाईंनी झोपायच्या आधी एकच विचारलं, "उत्तरं शेवटच्या पानावर आहेत ना? ती नाही ना बदलली?" उत्तरांची फाइल वेगळी होती. तिला मी हात लावला नव्हता, हे मी शपथेवर सांगितलं. तरी बायकोनं ते पान मागून घेतलं आणि आत जाऊन एकटीनं वाचलं. आतून टकटक ऐकू येत होती.

सकाळी भाईंनी प्रेसच्या दारातच प्रती दिल्या. मधली पानं अजून बोटांना किंचित चिकट लागत होती. "दाबून धरू नका," ते म्हणाले. बाईंनी पुस्तकं पिशवीत न घालता ओंजळीत धरली, वडगावपर्यंत.

संस्थेच्या ऑफिसात पंखा होता, पाच-सहा माणसं होती आणि टेबलाच्या टोकाला ज्येष्ठ सर. पांढरा शर्ट, खिशात लाल पेन. मी आणि बायको मागच्या बाकावर. मला बाहेर थांबायचं होतं, पण बायको म्हणाली, आत चला, केलंय ते बघा.

सरांनी अनुक्रमणिका बघितली नाही. मधलं पान उघडलं. वाचलं. पेन काढलं.

"मॅडम," ते म्हणाले, "पहिलीच ओळ. 'फाइव्ह इयर्स ओल्ड चाइल्ड.' पहिलीच ओळ, मॅडम."

बाकीच्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी खुर्ची मागं सरकवली, जणू बैठक संपली. मला वाटलं उठून सांगावं, पण बायकोनं माझ्या शर्टाची बाही धरली.

बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही ती कशी नीट कराल?"

"कशी म्हणजे?" सरांनी s खोडला आणि दोन आखूड रेघा मारल्या. लाल. "अशी."

"मुलांनी हेच करायचंय. त्यासाठीच ती तशी छापली आहे. ओळीच्या वर लिहिलंय, एका मुलाच्या वहीतून म्हणून." टाइप करताना गळलेला तो मथळा आदल्या दिवशी प्रेसमध्ये वहीतून बघून मी परत घातला होता. सरांनी चष्मा वर करून तो वाचला. "पुढची पण करा सर, जमलं तर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेतला होता, पण टेबलाखाली त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. मला मागून दिसत होतं.

सरांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि खरंच सोडवायला बसले. एकामागून एक. पेन कागदावर चालल्याचा आवाज तेवढा. "The child is five years old" या ओळीवर पेन हायफनसाठी खाली आलं, थांबलं, वर गेलं. सरांनी मान हलवली, पण कुणासाठी ते कळलं नाही. पुढं झाडांचं वाक्य आलं. त्यांनी s खोडला, दोन रेघा मारल्या आणि उत्तरं बघायला शेवटचं पान उघडलं. तिथं तीन रेघा होत्या.

"दोन की तीन?" सरांनी विचारलं. आवाज कोरडा होता. "इथं तुमचं चुकलंय का माझं?"

सगळे बाईंकडे बघत होते. मीही. मला उत्तर माहीत होतं. कारण सरांनी आत्ता जे लिहिलं होतं, तेच मी परवा बटणानं लिहिलं होतं.

"सर, तुमच्या दोन रेघांनी शंभर वर्षांची दोनच झाडं उरली," बाई म्हणाल्या. "मराठी वाक्यात दोनशे वर्षांची आहेत. बाकीची आपण तोडली की."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी खोकल्यासारखं केलं. सर ओळीकडे बघत राहिले. मग त्यांनी two आणि hundred यांच्यामध्ये तिसरी रेघ ओढली, हळू, इतर दोघींपेक्षा जरा लांब. पेनाचं टोपण लावलं. पुस्तक बाजूला ठेवलं.

"या प्रतीत तर माझं सगळं लाल झालंय," ते म्हणाले. "शाळेसाठी दुसरी द्या." आणि थोड्या वेळानं, कुणाला उद्देशून तेही कळू न देता, "जूनपर्यंत किती छापून देता येतील, ते विचारून ठेवा."

बाईंनी पदराचं टोक बोटावरून सोडवलं.

चंदगडच्या बाजूला परत जायला बाईंना कोल्हापूरला येऊन गाडी बदलायची होती. वडगावच्या स्टँडवर त्यांना चहा पाजला. कप खाली ठेवून त्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, ते झाकण फुटलं असलं तर मला कळवा." मग माझ्याकडे बघून, "सर, पुढचं पुस्तक पण तुमच्याकडंच देणार. पण वहिनी घरात असताना."

गाडी लागेपर्यंत मी स्टँडसमोरच्या दुकानांकडे बघत उभा होतो. एका मिठाईच्या दुकानावर नवीकोरी पाटी, मोठ्या इंग्रजी अक्षरांत: '50 Years Old Famous Sweet Mart'. माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. निदान मालकाला सांगावं, पाटी नवीन आहे तोवर रंगवणाऱ्याकडून करून घेईल. मी एक पाऊल रस्त्याकडे टाकलं.

बायको मागून म्हणाली, "आधी विचारा त्यांना, मुद्दाम केलंय का म्हणून. आणि येताना पाव किलो पेढे आणा, भाईंच्या घरी डबा परत द्यायचाय."